‘काय करायलास?’ अशुद्ध कसे?

महोदय,
‘काय करत आहेस?’ या अर्थी ‘काय करायलास?’ असे वहीत लिहिले, की सोलापूरच्या मुलाला लाल शेरा मिळतो. वास्तविक या रूपालाही ठरलेले व्याकरण आहे: मी करायलोय, तू करायलास, तो करायलाय. मात्र एकोणिसाव्या शतकात प्रमाण भाषेसाठी निवड झाली ती पुण्याकडच्या शिष्ट बोलीची. १८३१ च्या मोल्सवर्थ कोशाने आणि १८३६ च्या दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाने तिला चौकट दिली. पुढे शाळा, कचेऱ्या, वृत्तपत्रांत ती वापरली गेली, तिची परिभाषा वाढली आणि इतरांनीही ती प्रमाण मानली. तरी शासनमान्य लेखननियमांत एक वाट मोकळी आहे: पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिता येते. म्हणून निबंधाच्या निवेदनात ‘करत आहे’ हवे, पण संवादातल्या ‘करायलास’चे गुण कापू नयेत.

– एक भाषा अभ्यासक, सोलापूर