दसऱ्याचा कॅमेरा आणि घसाऱ्याचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराईच्या तोंडावर सीताबर्डी आणि सदरच्या दुकानांत कॅमेरे, लाइट, लॅपटॉप घ्यायला आमच्या व्यवसायातल्या मंडळींची गर्दी होते. खरेदी बहुतेकांची दसऱ्याला. त्या दिवशी पूजा होते, हार घातला जातो, आणि बिल कॅमेऱ्याच्या रिकाम्या खोक्यात जाऊन पडतं. पुढे रिटर्न भरताना ते खोकं कोणाला आठवत नाही. गेली वीस वर्षं नागपुरात लग्नांचे फोटो काढतो आहे. त्यातली पहिली बारा मी असाच वागलो, म्हणून हे पत्र.

कॅमेरा हा पेट्रोलसारखा त्याच वर्षी खर्चात टाकायचा माल नाही. तो चार-पाच वर्षं काम देतो, म्हणून आयकरात त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरतात. यालाच घसारा म्हणतात. कॅमेरा, लेन्स, लाइट हे यंत्रसामग्रीच्या गटात येतात आणि त्यांना १५ टक्के घसारा मिळतो. लॅपटॉप संगणकाच्या गटात येतो, त्याला ४० टक्के. टक्केवारी दरवर्षी मूळ किमतीवर लागत नाही, आधीच्या वर्षी उरलेल्या किमतीवर लागते. त्यामुळे आकडा दरवर्षी लहान होत जातो.

यातली मुख्य मेख तारखेची आहे. वस्तू घेतली त्या वर्षी ती व्यवसायात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर घसारा निम्माच मिळतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मागे मोजत गेलं की ३ ऑक्टोबरला १८० दिवस भरतात.

माझंच उदाहरण देतो. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी मी १ लाख ६० हजारांची कॅमेरा बॉडी, ८० हजारांची लेन्स, ४० हजारांचे लाइट आणि ९० हजारांचा लॅपटॉप घेतला. हिशेब सोपा राहावा म्हणून आधीचं सामान बाजूला ठेवतो. कॅमेरा, लेन्स, लाइट मिळून २ लाख ८० हजार. त्यावर १५ ऐवजी साडेसात टक्के, म्हणजे २१ हजार. लॅपटॉपवर ४० ऐवजी २० टक्के, म्हणजे १८ हजार. एकूण ३९ हजार. हेच सामान नऊ दिवस आधी, ३ ऑक्टोबरच्या घटस्थापनेला घेऊन त्याच दिवशी कामाला लावलं असतं, तर ७८ हजार खर्चात धरता आले असते. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहतो. पण त्या वर्षी कर जास्त गेला, आणि लॅपटॉपचे हप्ते त्याच वर्षी चालू होते.

इथे खरेदीच्या तारखेपेक्षा वापरात आणल्याची तारीख मोजली जाते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. त्या दिवशी कॅमेरा घेऊन ज्याने तो तुळशीच्या लग्नानंतरच बाहेर काढला, त्याला पूर्ण घसारा मागताना अडचण येऊ शकते. पुरावा मात्र आपल्याच हातात असतो. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते आणि अनेक कॅमेरे त्यात स्वतःचा अनुक्रमांकही नोंदवतात. पहिल्या कामाची एक मूळ फाइल आणि त्या कामाची पावती बिलासोबत जपून ठेवावी. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी बरोबर लावलेलं असावं, एवढंच.

पुढच्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, कॅमेरा गटाची शिल्लक किंमत, आधीचं सामान न धरता, २ लाख ५९ हजार होती. त्या वर्षी मी त्याच गटातला माझा जुना कॅमेरा ५० हजारांना विकला. हे पैसे वेगळं उत्पन्न म्हणून दाखवायचे असं मला वाटत होतं. तसं नसतं. विक्रीची रक्कम गटातून वजा होते. उरले २ लाख ९ हजार, त्यावर १५ टक्के म्हणजे ३१ हजार ३५० घसारा. गटात किंमत आणि सामान दोन्ही शिल्लक आहे तोवर एका वस्तूचा वेगळा नफा-तोटा निघत नाही.

एक चूक मला महागात पडली, ती आजही अनेक जण करतात. एका ओळखीच्या माणसाकडून ४५ हजारांची जुनी लेन्स मी रोख पैसे देऊन घेतली. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिले, तर ती रक्कम वस्तूच्या किमतीत धरतच नाहीत. लेन्स रोज वापरतो, पण घसाऱ्याच्या वहीत तिची किंमत शून्य. हेच पैसे बँकेतून किंवा यूपीआयने दिले असते आणि त्याच्याकडून साध्या कागदावर अनुक्रमांकासह विक्रीची पावती घेतली असती, तर काम झालं असतं.

‘मी ठोक टक्केवारीने नफा दाखवतो, मला घसाऱ्याचं काय?’ असं बरेच जण म्हणतात. आयकराच्या ठोक नफ्याच्या तरतुदीखाली ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणाऱ्याला वेगळा घसारा मागता येत नाही, हे खरं. पण त्याच्या सामानाची किंमत दरवर्षी घटली असंच कायदा धरतो. चार वर्षांनी तो नियमित हिशेबाकडे वळला, तर मूळ किमतीपासून सुरुवात करता येत नाही. म्हणून नोंद त्यानेही ठेवावी.

आता माझ्या मते करापेक्षा मोठी गोष्ट. आयकराचे १५ टक्के म्हणजे कॅमेऱ्याची बाजारातली घसरण नव्हे. माझ्या कॅमेऱ्यातून एका लग्नात दोनेक हजार फोटो निघतात. वर्षाला २५ लग्नं म्हणजे ५० हजार वेळा शटर पडतं. शटर दोन लाख वेळा पडेल असं धरलं, तर चार वर्षांत बॉडी थकते. म्हणून मी दुसरी वही ठेवतो. बॉडी चार वर्षांनी ५० हजारांना जाईल असं धरलं, की वर्षाला २७ हजार ५०० झिजतात. लॅपटॉपचे चार वर्षांनी १५ हजार येतील, म्हणजे वर्षाला १८ हजार ७५०. लाइट पाच वर्षांत संपले असं धरतो, वर्षाला ८ हजार. लेन्स मात्र किंमत टिकवते. आठ वर्षांनी ४० हजार धरले, तर वर्षाला फक्त ५ हजार. बेरीज ५९ हजार २५०, आणि २५ लग्नांत वाटली तर एका लग्नामागे २ हजार ३७० रुपये.

मी बारा वर्षं दर सांगताना मदतनिसाची मजुरी, अल्बम आणि पेट्रोल धरत होतो, हे २ हजार ३७० कधीच धरले नाहीत. लग्न पार पडलं की हातात पैसे दिसायचे, नवा कॅमेरा घ्यायची वेळ आली की कर्ज काढावं लागायचं. महाल, इतवारीतली तरुण मुलं आज एकमेकांपेक्षा हजार-दोन हजार कमी दर सांगून काम घेतात. त्यांनी सोडलेले ते पैसे नफ्यातले नसून कॅमेऱ्यातले असतात, हे त्यांना कोणी तरी मांडून दाखवायला हवं.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या विक्रेत्यांना एक विनंती करतो. बिल ग्राहकाच्या स्टुडिओच्या नावाने करा, आणि बॉडी, लेन्स, लाइट यांच्या किमती आणि अनुक्रमांक त्यावर वेगवेगळे लिहा. ‘कॅमेरा सेट’ अशी एकच ओळ लिहिलेलं बिल हाती आलं, की तीन वर्षांनी त्यातली लेन्स विकताना कोणती वस्तू केवढ्याची होती हे ठरवता येत नाही. छायाचित्रकारांच्या संघटनांनीही सप्टेंबरमध्येच, पितृपक्षाच्या आधी, एखाद्या सीएंना बोलावून अर्धा दिवसाचं शिबिर घ्यावं. दिवाळीनंतर घेतलं, तर त्या वर्षीच्या तारखा हातातून गेलेल्या असतात.

आपला,
एक छायाचित्रकार,
महाल, नागपूर