चि. सोनूस, रीलबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचून तू पाठवलेलं आपल्या मिसळीच्या गाड्याचं रील पाहिलं. आवाज झकास लागलाय. आईनं तर गल्लीभर दाखवलं. फक्त कॅप्शनमधली ती शेवटची ओळ, 'लवकरच गाड्यावर मीही', ती कशाला? असो, त्यावर आज काही लिहीत नाही.

कटाचं बघ. तू म्हणतेस, "तेल कडकडीत तापलं की तिखट टाकायचं." चित्रात मात्र माझा हात गॅस बारीक करताना दिसतोय. ऐकून कुणी तसं केलं तर तिखट जळेल, कट काळपट आणि कडू होईल. मग गूळ घाल, पाणी घाल, तो सुधारत नाही. कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण यांच्या वाटणाला कडेनं तेल सुटू लागलं की आच उतरवायची. मग तिखट आणि कांदा-लसूण मसाला, दोनदा हलवून लगेच उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तर्री वर यायला वेळ लागतो.

तेव्हा तिथं एवढंच बोल: "वाटणाला तेल सुटलं. आता आच बारीक, मग तिखट." आणि गप्प बस. पाणी पडतानाचा चर्र आवाज लोकांना ऐकू दे. मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्दांपलीकडे गेलं की धाप लागते. 'सीक्रेट मसाला' काढ. आपल्याकडं लपवायला काय आहे?

मटकीचा शॉट मात्र वाढव. शिजलेला दाणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे, पण पातेल्यात फुटलेला नको, हे आजी दाबून दाखवायची. तू पहाटे उठून फडक्याची गाठ सोडायचीस, मोड किती आले बघायला. तसल्याच वासाच्या हातांनी शाळेत जायचीस, बाई रागवायच्या. आता त्याच हातांनी कंपनीचे हिशोब करतेस, आणि म्हणे गाड्यावर मीही! पहाटे तीनला उठून कंबरेचं काय होतं, ते माझ्याकडं बघून कळत नाही का?

बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस.

कॅप्शनची पहिली ओळच आधी दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून 'वारसा चवीचा' वगैरे खाली ने आणि वर लिही:

"कोल्हापुरी मिसळ, सकाळी ७ ते ११. कट संपला की गाडा बंद. फरसाण वाढतानाच घालतो, म्हणून थांबू नका, लगेच खा. सोबत पाव, कांदा, लिंबू. तिखट कमी हवं तर आधी सांगा."

'झणझणीत चॅलेंज' नको. पोरं पैज लावून खातात आणि पोट धरून बसतात.

शेवटची ओळ काढशील ना? नोकरीचं काही बिनसलं असेल तर रीलमधून सांगू नकोस, फोन कर. अकरानंतर मी मोकळाच असतो.

तुझे,
बाबा