दादा ओढतो, तू सोडतोयस आणि मधे सहाचा चहा

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालास की सिगरेट सोडल्यापासून दिवस कसाबसा जातो, पण संध्याकाळी सहाला चहा झाला की डोकं फिरतं, आणि मग आवाज बारीक करून म्हणालास की दादाशी बोलून काही उपयोग नाही. मी तेव्हा काही बोलले नाही कारण दादा मागेच होता, त्याचा खोकला ऐकू येत होता मला. म्हणून लिहितेय. लांबेल जरा, सवडीने वाच.

आधी एक सांगते, दादाला "तू पण सोड ना" म्हणणं सध्या बंद कर. तुला ते मनापासून वाटतं हे माहितीये, मी तर आईच आहे, मला काय कमी वाटतं का. पण दवाखान्यात तंबाखू सोडायला येणाऱ्या लोकांशी इतकी वर्षं बोलले, त्यात हे घरोघरी बघितलंय की ज्याने नुकतीच सोडलीये तो दुसऱ्याच्या मागे लागतो, दुसऱ्याला वाटतं आला मोठा शहाणा मला शिकवायला, आणि मग तो मुद्दाम समोर बसून पेटवतो. त्याने ओढायची की नाही हे त्याचं त्याने बघावं. कुठे ओढायची हे मात्र दोघांनी मिळून ठरवायचं, कारण घर दोघांचं आहे. तू फक्त कुठे ओढायची ह्याबद्दल बोल.

आता घराचं. सध्या तुमच्याकडे काय चालतं ते मला दिसतंच येते तेव्हा. दादा बाल्कनीत ओढतो पण सरकतं दार उघडंच असतं कारण त्याला आतल्या टीव्हीवरची मॅच बघायची असते, पाऊस असला की हॉलच्या खिडकीशी उभा राहतो, आणि रात्री बाथरूममधे एक्झॉस्ट लावून. त्याला खरंच वाटतं की तो काळजी घेतोय, त्यामुळे त्याच्यावर चिडू नकोस. पण खिडकी, पंखा, एक्झॉस्ट ह्याने धूर पातळ होतो, जात नाही, आणि बाल्कनीतला धूर वारा आत असला की सरळ हॉलमधे येतो. शिवाय धुरातलं बरंच काही पडद्यांवर, सोफ्यावर, उशांच्या अभ्र्यांवर बसतं आणि नंतर दिवसचे दिवस वास येत राहतो. तुझ्यासाठी तो वास म्हणजे नुसती घाण नाही, तुझ्या मेंदूला ती आठवण आहे की चला, वेळ झाली. ज्या घरात आत कोणीच ओढत नाही तिथे सोडणारा जास्त टिकतो, हे अभ्यासातूनही दिसलंय आणि मी डोळ्यांनीही बघितलंय.

म्हणून "हॉलमधे नको" असं अर्धवट ठरवू नका. एकच ओळ ठेवा, दाराच्या आत कुठेच नाही. खोली नाही, बाथरूम नाही, गाडी पण नाही. बाल्कनी ठेवायचीच असेल तर दार पूर्ण बंद करून, आणि तरी वास आत येतोय असं दोन-तीन दिवसांत लक्षात आलं तर मग खाली, बिल्डिंगच्या बाहेर. ओढून झाल्यावर त्याने पाच-दहा मिनिटं बाहेरच थांबावं, कारण शेवटच्या झुरक्यानंतरही श्वासातून थोडा धूर येत राहतो आणि कपड्यांना तर असतोच.

करार मोडतो तो नेहमी अपवादात. पाऊस, मध्यरात्र, पाहुणे, ताप आलाय. हे चारही आधीच बोलून घ्या. रात्री दोनला झोप नाही लागली तर काय करायचं हे रात्री दोनला ठरवायला गेलात तर भांडणच होणार. पावसासाठी जिन्याखाली किंवा पोर्चमधे जागा बघून ठेवा, इतरांना त्रास होणार नाही अशी. पाहुण्यांना सांगायचं काम दादाने करायचं, तू नाही, कारण ओढणारा माणूस म्हणाला "आमच्यात आत नाही ओढत" की समोरच्याला राग येत नाही.

पाकीट, लायटर आणि तो काचेचा अॅशट्रे पण टीपॉयवरून उचला. ते त्याच्या खिशात किंवा त्याच्या कपाटात राहू दे, फेकायला सांगू नकोस. नुसतं समोर दिसलं तरी तलफ येते, हे काही मनाचं दुबळेपण नाही, इतकी वर्षं ती जोडी बसलीये. आणि अजून एक, दादाला आत्ताच सांगून ठेव की मी मागितली तरी देऊ नकोस. नुसतं "नाही" म्हणायचं आणि तिथून उठून जायचं, लेक्चर द्यायचं नाही. पहिल्या काही आठवड्यांतला एक झुरका बऱ्याचदा पूर्ण सवय परत आणतो, म्हणून ही गोष्ट तू शांत असताना ठरवून ठेवायची.

आता तो चहा. ह्यात एक भाग असा आहे की जो कोणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं, आणि तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफीन शरीराबाहेर टाकायचं काम करतं. तू ओढायचास तेव्हा कॅफीन भराभर जायचं, म्हणून तुला चार-पाच कप पचायचे. आता धूर बंद झाला की साधारण आठवड्याभरात ते एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच चहाने रक्तात कॅफीन जवळजवळ दुप्पट राहू शकतं. निकोटीनचं गम किंवा पॅच घेतलास तरी ह्यात फरक पडत नाही कारण हे निकोटीनमुळे होत नाही, धुरामुळे होतं. म्हणजे तू चहा तेवढाच पितोयस पण शरीराच्या हिशेबाने दुप्पट पितोयस, आणि मग हात थरथरतात, छातीत धडधड, रात्री झोप नाही, चिडचिड, आणि तुला वाटतं सिगरेट सोडल्यामुळे होतंय, एक ओढली की बरं वाटेल.

दोन्हीतला फरक ओळखायची सोपी खूण सांगते. दादाचा लायटर वाजला, वास आला, कप खाली ठेवला आणि त्याच क्षणी उसळी आली, आणि ती काही मिनिटांत उतरली, तर ती तलफ. चहानंतर अर्ध्या-एक तासाने सुरू होऊन बराच वेळ टिकणारी बेचैनी आणि रात्री टक्क डोळे, हे बहुतेक चहाचं. म्हणून चहा निम्मा कर. कप लहान घे किंवा पत्ती कमी टाक, आणि सहाच्या चहानंतरचा चहा बंदच कर काही दिवस. एकदम तोडू नकोस मात्र, नाहीतर कॅफीनची डोकेदुखी वेगळी सुरू होईल.

गमबद्दल तू म्हणालास की चहाबरोबर चघळतो तरी काही होत नाही. होणारच नाही. चहा, कॉफी, सरबत ह्याने तोंड आंबट होतं आणि निकोटीन गालाच्या आतून नीट शोषलं जात नाही, नुसतं गिळलं जातं आणि पोट ढवळतं. आधीची पंधरा मिनिटं आणि चघळताना काही प्यायचं नाही. आणि ते च्युइंगगमसारखं सतत चावायचं नसतं, हळूहळू चावायचं, तिखट किंवा झिणझिण लागलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. तू उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढायचास, तेव्हा तुला २ मिलिग्रॅमचं कमी पडत असेल, ४ चं हवं का ते डॉक्टरांना विचारून घे.

तर तुमची संध्याकाळ अशी बसव. सव्वापाचपर्यंत पाणी वगैरे काय ते पिऊन घे. साडेपाचला गम लाव, सहाला ते काढून टाक, तोपर्यंत निकोटीन रक्तात आलेलं असतं, आणि मग चहा. चहा बाल्कनीत नको, त्या दोन खुर्च्या सध्या विसरा, ओट्याशी उभं राहून प्या किंवा डायनिंग टेबलवर. कप पण वेगळा घे आणि डाव्या हातात धर, ऐकायला वेडगळ वाटेल पण उजवा हात मोकळा राहिला की तो काहीतरी शोधत बसतो, म्हणून त्यात चमचा, फोन काहीही दे. चहा दोघं मिळून प्या, हे सोडू नका. दिवसभरात तेवढीच वेळ मिळते तुम्हाला बोलायला आणि ती तोडलीस तर दादाला वाटेल सिगरेटबरोबर भावालाही सोडलं. फक्त कप हातात असताना त्याने पेटवायची नाही, चहा संपल्यावर तो बाहेर जाईल.

आणि खरी अडचण चहात नाहीच, ती त्याच्यानंतरच्या दहा मिनिटांत आहे. दादा उठून गेला आणि तू रिकाम्या कपासमोर बसून राहिलास की गेलास. दार लागायच्या आत तू उठलेला पाहिजेस. कप धुऊन टाक, लगेच दात घास, पुदिन्याच्या पेस्टने तोंडातली चहाची चव जाते आणि चहाची चव गेली की अर्धी मागणी जाते. मग दुसऱ्या खोलीत जाऊन कोणाला तरी फोन लाव, मलाच लाव. तो परत येईपर्यंत उसळी उतरलेली असते. पहिले दोन-तीन आठवडे हे जड जाईल, मग रोजची ओढ कमी होते. पण मधेच महिन्यांनंतर एखाद्या संध्याकाळी ती परत येईल तेव्हा घाबरू नकोस, ते उलटं फिरणं नाही.

एक धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, तेव्हा तुला बरं वाटायला लागतं आणि तू मोठ्या मनाने दादाला म्हणतोस "ओढ रे इथेच, मला काही होत नाही आता." असं म्हणू नकोस. एकदा ढील दिलीस की परत बाहेर पाठवताना तू वाईट दिसशील.

हे सगळं त्याच्याशी बोलायचं कधी, तर त्याला तलफ आलेली असताना नाही आणि सहाच्या चहाला तर नाहीच. रविवारी सकाळी त्याची पहिली ओढून झाली, नाश्ता झाला की बोल, तेव्हा तो सगळ्यात शांत असतो. सुरुवात अशी कर, "तू सोड असं मी म्हणत नाहीये. मला महिनाभर घरात वास नकोय, एवढी मदत कर, आणि दोन आठवड्यांनी तुला काय जड जातंय ते पण सांग." त्याचं जड जाणं खरंच ऐकून घे, खाली चार मजले उतरायचं त्याच्या गुडघ्याला त्रासाचं असेल तर बंद दाराची बाल्कनी चालवून घे. चिडला तर त्या दिवशी विषय सोड, पुढच्या रविवारी परत काढ. पाकीट टीपॉयवरून उचलायचं मात्र त्याच दिवशी मागून घे, त्याला तो नाही म्हणणार नाही, मी ओळखते त्याला.

रविवारी बोलणं झालं की मला कळव. आणि दादाला सांग, मी त्याच्या खोकल्याबद्दल विचारत होते, सिगरेटबद्दल नाही.

आई