उत्पादन अनावरण कार्यक्रमाचे वाढीव बिल आणि चुकीचा परतावा अहवाल यांबाबत तक्रार

प्रति,
मा. संचालक,
कार्यक्रम व्यवस्थापन विभाग

विषय : पॅकिंग यंत्राच्या अनावरण कार्यक्रमाचे मंजूर बजेट ओलांडणे, लेखी संमतीशिवाय केलेला खर्च आणि परताव्याचा दिशाभूल करणारा अहवाल.

महोदय,

आमच्या नव्या पॅकिंग यंत्राचा अनावरण कार्यक्रम तुमच्या कंपनीने केला, त्याला आता तीन महिने झाले. अंतिम बिल आणि त्यासोबतचा 'परतावा अहवाल' मी दोनदा नीट वाचला. बिल मंजूर बजेटपेक्षा जास्त आहे, ही तक्रार आहेच. पण त्या अहवालात कार्यक्रमाने खर्चाच्या जवळजवळ साडेचारपट मूल्य मिळवून दिले असे लिहिले आहे, आणि आमच्या ऑर्डरवहीत त्याचा मागमूस नाही. आमची कंपनी छोटी आहे. हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च होता, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

प्रत्यक्ष रकमा सोबतच्या बिलात आहेत. इथे समजायला सोपे जावे म्हणून मंजूर बजेट १०० भाग धरते. त्यात हॉल आणि जेवण ४०, मंच-ध्वनी-प्रकाश-पडदे १८, निमंत्रणे व नोंदणी ६, माध्यमे १६, म्हणजे प्रत्यक्ष खर्च ८०. त्यावर १० टक्के तुमचे शुल्क ८, आणि १२ भाग आकस्मिक खर्चासाठी राखीव. राखीव रकमेतला कुठलाही खर्च लेखी संमतीनेच होईल, असे करारात स्पष्ट आहे. अंतिम बिल आले १०८.९ भागांचे. म्हणजे राखीव रक्कम सगळी संपली आणि वर जवळपास नऊ भाग गेले. संमतीसाठी आम्हाला एकही ईमेल आलेला नाही.

हॉलपासून सुरुवात करते. हॉलचे भाडे १३ भाग ठरले होते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री यंत्र आत न्यायला गेल्यावर कळले की भाडे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठपासूनचे आहे. यंत्राचे वजन ८०० किलो, त्याला थ्री-फेज वीज लागते आणि बसवून चाचणी घ्यायला पाच-सहा तास लागतात, हे आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून दिले होते. तुमची माणसे जागा पाहूनही आली होती. तरी मांडणीची रात्र बजेटमध्ये नव्हती. त्या एका रात्रीचे ५ भाग, थ्री-फेज जोडणीचे २ आणि वेळ संपल्यावर हॉल रिकामा करायला उशीर झाला त्याच्या ओव्हरटाइमचे २ असे ९ भाग वाढले.

विजेचे २ भाग आम्ही देऊ. कुठेही कार्यक्रम केला असता तरी ती जोडणी घ्यावीच लागली असती. बाकीचे जसेच्या तसे मान्य नाही. तुम्ही सुरुवातीला दाखवलेल्या तीन हॉलपैकी एकाचे भाडे १५ भाग होते आणि त्यात आदला पूर्ण दिवस मांडणीसाठी धरलेला होता. तो महाग म्हणून तुम्हीच बाजूला ठेवला. मांडणीचा वेळ धरला असता तर १३ अधिक ५ म्हणजे १८ भागांचा हॉल आणि १५ भागांचा हॉल यांत निवड करायची होती, आणि ती आम्हाला करताच आली नाही. हॉलची तुलना करताना भाड्याचा नुसता आकडा पाहून चालत नाही. दार कधी उघडते, कधी बंद होते, आत सामान न्यायची वाट कुठली आणि वीज किती, हे त्याच कागदावर असायला हवे. इतके पाहण्यासाठीच तर आम्ही तुम्हाला नेमले होते.

जेवणाचा मुद्दा निमंत्रणांशी जोडलेला आहे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच झाले, आणि पैशांपेक्षा मोठे नुकसान झाले.

आम्ही तुम्हाला २४० जणांची यादी दिली होती. त्यात आमचे डीलर होते आणि असे छोटे कारखानदार होते ज्यांच्याकडे आजही पॅकिंग हाताने होते. ही यादी आमच्या विक्रीच्या माणसांनी चार महिने खपून केली होती. तुम्ही तिच्यात स्वतःकडची साडेसहाशेच्यावर नावे मिसळली आणि सगळ्यांना एकच निमंत्रण कार्यक्रमाच्या नऊ दिवस आधी धाडले. कारखाना चालवणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी अर्धा दिवस काढायचा तर तीन-चार आठवडे आधी तारीख कळावी लागते आणि नंतर फोन जावा लागतो. आमच्या २४० पैकी ९० जणांना निमंत्रण पोहोचलेच नाही. चुकीचे पत्ते आणि परत आलेले ईमेल तुमच्याच नोंदीत दिसतात, पण ते कुणी दुरुस्त केले नाहीत. उरलेल्या १५० पैकी आले ६१.

एकूण ३०० जणांनी 'येतो' असे कळवले. हॉलच्या करारात जेवणाची किमान हमी संख्या कार्यक्रमाच्या ७२ तास आधी द्यायची होती. ती नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. तुम्ही सरळ ३०० कळवली. प्रत्यक्षात आले १६८. फुकट कार्यक्रमाला 'येतो' म्हणणारे सगळे कधीच येत नाहीत, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असते. म्हणून हमी संख्या मुद्दाम कमी देतात आणि आदल्या दोन दिवसांत फोन करून ती वाढवायची की नाही ते ठरवतात. आमच्या हॉलच्या करारात तर हमीपेक्षा पाच टक्के जास्त ताटे तयार ठेवण्याची सोय होती. २१० ची हमी दिली असती तरी कुणी उपाशी राहिले नसते. जेवणाचे २७ भाग ३०० जणांसाठी होते, म्हणजे माणशी ०.०९. नव्वद माणसांचे ८.१ भाग या एका न केलेल्या फोनफेरीमुळे गेले. १३२ जणांचे अन्न उरले, ते मी त्या दिवशी स्वतः पाहिले आहे, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

मंचामागे दुसरा मोठा पडदा लावला त्याचे ४ भाग. तो कुणी मागितला नव्हता.

आता माध्यमांचा खर्च. १६ चे २२ झाले. वाढलेले ६ भाग 'प्रायोजित मजकुरा'चे आहेत, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या सहा बातम्या. त्याला संमती तर नव्हतीच, पण अहवालात त्या बातम्या मिळवलेली प्रसिद्धी म्हणून मोजल्या आहेत, यावर माझा जास्त आक्षेप आहे. तुम्ही ४६ कात्रणे दाखवली. मी एकेक उघडून वाचले. ३१ ठिकाणी आपलीच प्रेस नोट शब्दही न बदलता आपोआप चढलेली आहे. ६ पैसे दिलेली. ४ कात्रणे दोनदा लावलेली. उरली ५, जी पत्रकारांनी स्वतः लिहिली, आणि त्यांतली दोन आमचे ग्राहक खरोखर वाचतात अशा व्यापारी नियतकालिकांतली आहेत. त्या दोन लेखांनंतर आम्हाला चौकशीचे फोन आले. त्या कामाबद्दल तुमच्या माध्यम विभागाचे मी मनापासून आभार मानते. तेवढे काम चांगले झाले.

पण ४६ कात्रणांची जागा मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा छापील दर लावून १६० भाग काढायचे, मग बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह म्हणून त्याला तिनाने गुणून ४८० करायचे, आणि १०९ ने भागून 'साडेचारपट परतावा' लिहायचे, याला हिशेब म्हणत नाहीत. छापील दर सहसा कुणी पूर्ण मोजत नाही. तिनाने का गुणले, याचा कुठलाही आधार अहवालात नाही. जाहिरात-मूल्याची ही पद्धत संवादाच्या मोजमापाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली बार्सिलोना इथे मंजूर केलेल्या तत्त्वांत नाकारली आहे. छापलेल्या जागेची किंमत म्हणजे प्रसिद्धीचे मूल्य नव्हे, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. तुमच्या विभागाला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही.

मग परतावा कसा पाहायचा? आम्ही आमच्या वहीवरून पाहिला, तो असा. एका यंत्रामागे आम्हाला ६ भाग ढोबळ नफा राहतो. विक्रीची रक्कम इथे धरायची नाही, नफाच धरायचा. त्या हिशेबाने १०० भाग खर्च भरून निघायला १७ यंत्रे विकली जायला हवीत, आणि १०९ साठी १९. हा आकडा बजेटच्या पहिल्या पानावर हवा होता. तो असता तर दुसरा पडदा लावण्याआधी कुणीतरी नक्की थबकले असते.

कार्यक्रमाला आलेल्या ६१ जणांकडून नव्वद दिवसांत ११ ऑर्डर मिळाल्या. पण या ६१ पैकी ९ जणांना आम्ही कार्यक्रमाआधीच कोटेशन दिले होते, आणि ११ पैकी ५ ऑर्डर त्यांच्याच आहेत. त्या कार्यक्रमाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. उरलेल्या ५२ जणांकडून नव्या ऑर्डर ६. निमंत्रण पोहोचले पण आले नाहीत असे ८९. त्यांतल्या ४ जणांना आधी कोटेशन दिले होते, त्यांना वगळले तर ८५ जणांकडून २ ऑर्डर. म्हणजे कार्यक्रम झालाच नसता तरी त्या ५२ जणांमधून एखादी ऑर्डर आलीच असती. कार्यक्रमामुळे मिळालेल्या ऑर्डर म्हणून फार तर ५ धरता येतील. 'फार तर' म्हणते, कारण वेळ काढून आलेला माणूस मुळातच जास्त उत्सुक असतो. पाच यंत्रांचा नफा ३० भाग, खर्च १०८.९. आजच्या घडीला परतावा उणे ७२ टक्के आहे. आमच्या यंत्राचा निर्णय व्हायला कारखानदाराला कधीकधी सहा महिने लागतात, म्हणून १८० व्या दिवशी आम्ही हाच हिशेब पुन्हा मांडू आणि तुम्हालाही पाठवू. आकडा सुधारेल अशी मला आशा आहे. पण साडेचारपट होणार नाही.

बाकीच्या १०७ पाहुण्यांबद्दल आम्हाला काहीच सांगता येत नाही, कारण तुमच्या नोंदणी अर्जात फक्त नाव आणि ईमेल होते. कारखाना आहे का, रोज किती पाकिटे भरली जातात, खरेदीचा निर्णय कोण घेतो, हे तीन प्रश्न आम्ही लेखी सुचवले होते. ते अर्जात आलेच नाहीत.

आमची मागणी अशी आहे. हॉलच्या निवडीतील फरकाचे ३, ओव्हरटाइमचे २, जेवणाचे ८.१, पडद्याचे ४ आणि प्रायोजित मजकुराचे ६ असे २३.१ भाग, आणि त्यावर आकारलेले १० टक्के शुल्क २.३, मिळून २५.४ भाग बिलातून वजा करावेत. खर्च वाढला की शुल्कही वाढते, अशी रचना पुढच्या करारात आम्हाला मान्य नसेल. नोंदणीची मूळ यादी, प्रवेशाच्या वेळांसह, आम्हाला द्यावी. आणि तो परतावा अहवाल लेखी मागे घ्यावा, कारण आमच्या कंपनीचे नाव घालून तो तुम्ही इतर ग्राहकांना नमुना म्हणून दाखवत असल्याचे आमच्या कानावर आले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सुधारित बिल पाठवावे. तोपर्यंत वादात नसलेली रक्कम आम्ही ठरल्या तारखेला भरत आहोत. भेटून बोलायचे असल्यास तुमच्या हॉल व्यवस्थेच्या आणि निमंत्रण विभागाच्या जबाबदार व्यक्तींनी सोबत यावे. माझ्याकडे सगळी मूळ कागदपत्रे आणि कात्रणांची छाननी तयार आहे.

आपली,
संचालिका,
पॅकिंग यंत्र उत्पादक कंपनी