स्लिपवरच्या दोन आकड्यांचं मराठी कधी होणार? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

अमळनेर, पारोळा, एरंडोल या भागातल्या दुकानांत स्वाइप मशीन बसवून द्यायची आणि बिघडली की बघायची, हा माझा धंदा. मृगाच्या आधी कृषी सेवा केंद्रांत गर्दी झाली की माझा फोन जास्त वाजतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते : मशीन खराब आहे, कार्ड घेत नाही. जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत असतं. त्याने बँकेला विचारलेलं असतं, बँकेने उत्तर दिलेलं असतं, आणि ते उत्तर दुकानात कोणालाच वाचता आलेलं नसतं. या पत्राचा विषय एवढाच आहे.

ग्राहकाने कार्ड लावून पिन टाकला की मशीन एक निरोप पाठवतं. तो आधी मशीन देणाऱ्या बँकेकडे जातो, तिथून रुपे किंवा व्हिसासारख्या नेटवर्ककडे आणि शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. या निरोपांची मांडणी ISO 8583 या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहे. त्यात ३९ क्रमांकाचा रकाना उत्तराचा, आणि त्यात फक्त दोन अक्षरं मावतात. 00 आलं तर व्यवहार मंजूर, आणि सोबत मंजुरीचा सहा अक्षरी क्रमांक. दुसरं काहीही आलं तर मशीनवर बहुतेक वेळा ‘DECLINED’ उमटतं.

दुकानदाराला वाटतं की स्क्रीनवरचे शब्द ग्राहकाच्या बँकेने पाठवले. तसं नसतं. बँकेकडून येतात ते दोन आकडे. त्यांच्यापुढे कोणते शब्द दाखवायचे याचा तक्ता मशीनमध्ये किंवा मशीन देणाऱ्या बँकेच्या यंत्रणेत असतो. म्हणून एकाच आकड्यावर एका कंपनीचं मशीन ‘DO NOT HONOUR’ म्हणतं, तर शेजारच्या दुकानातलं नुसतं ‘DECLINED’ म्हणून गप्प बसतं. माझी मागणी याच तक्त्याबद्दल आहे. त्यासाठी ना नेटवर्क बदलावं लागतं, ना कार्ड.

गेल्या हंगामातला एक प्रसंग सांगतो. एक शेतकरी ठिबकच्या नळ्या घ्यायला आला होता, बिल ₹३८,४००. कापसाचे पैसे जमा झालेले, खात्यात लाखाच्या वर शिल्लक. दुकानदाराने कार्ड मशीनवर टेकवलं. नकार. मग चिप आत घालून पिन घेतला. पुन्हा नकार. दुकानदार म्हणाला, "कार्ड बंद दिसतंय, बँकेत जा." मागे रांग उभी होती. तो माणूस चारचौघांत सांगत होता, "भाऊ, मन्हा खातामा पैसा शेतस!" आणि ते खरंच होतं.

मी तिथे पोचल्यावर मशीनमधले जुने व्यवहार उघडले. पहिल्या नकाराचा आकडा 57 होता, म्हणजे या कार्डधारकाला असा व्यवहार करायची परवानगी नाही. आपल्याच बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने नवं कार्ड देताना फक्त चिप घालून एटीएम आणि दुकानात वापरण्यापुरतं चालू ठेवायला सांगितलं आहे. टेकवून पैसे द्यायची सोय ग्राहकाने स्वतः चालू करायची असते, आणि ती याने केली नव्हती. नियम चांगलाच आहे. तो लागू झाला म्हणून नकार आला, एवढं त्याला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या नकाराचा आकडा 61 होता, म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. त्याच्या कार्डावर दुकानातल्या खरेदीसाठी दिवसाला ₹२५,००० ची मर्यादा होती. ती मोबाइल ॲपमधून त्याला स्वतः वाढवता आली असती. एका वेळी एकच आकडा येतो, ज्या तपासणीत गाडी अडली तिचा. पहिली अडचण दूर झाल्याशिवाय दुसरी दिसतच नाही. ग्राहकाला मात्र दोन्ही वेळा तोच इंग्रजी शब्द दिसला. म्हणून त्याने दोन वेगळ्या कारणांची एकच समजूत करून घेतली : बँकेने कार्ड बंद केलं.

मग ₹२०,००० चा व्यवहार केला आणि 00 आलं. उरलेले ₹१८,४०० त्याच दिवशी मागितले असते तर पुन्हा 61 आलं असतं. म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं ठरलं.

सकाळी वेगळंच झालं. मशीन उत्तराची वाट बघत राहिलं, वेळ संपली, स्लिप निघाली नाही. इकडे शेतकऱ्याच्या मोबाइलवर ₹१८,४०० वजा झाल्याचा मेसेज. म्हणजे बँकेने मंजुरी दिली होती, पण 00 परतीच्या वाटेत हरवलं. दुकानदार कार्ड पुन्हा लावणारच होता. मी थांबवलं, कारण आधीचे ₹१८,४०० त्या दिवसाच्या मर्यादेत धरलेले असताना पुन्हा 61 आलं असतं, आणि मर्यादा मोठी असती तर पैसे दोनदा अडकले असते.

अशा वेळी मशीनने आधीचा व्यवहार रद्द करा असा उलटा निरोप पाठवायचा असतो. अनेक मशीनमध्ये तो साठवून ठेवलेला असतो आणि पुढचा व्यवहार सुरू होण्याआधी जातो. वैतागून मशीन बंद करून गल्ल्याखाली ठेवलं, तर तो निरोपही तिथेच पडून राहतो. मी रेंज येईल अशा जागी मशीन नेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाचा व्यवहार केला. आधी उलटा निरोप गेला, आणि संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात परत आले.

ते आले नसते तरी आपलाच २० सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे रोज ₹१०० भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. मी जातो त्या दुकानांत हा नियम कोणाला ठाऊक नसतो. ठाऊक असला तरी हातात कागद नसतो, कारण स्लिपच निघालेली नसते. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाती असता, तर शाखेतल्या माणसाला निदान शोध कुठून सुरू करायचा ते कळलं असतं.

आता 01 बद्दल. त्याचं मूळ नाव ‘REFER TO CARD ISSUER’, कार्ड देणाऱ्या बँकेला विचारा. हा आकडा फोनवरून मंजुरी घ्यायच्या काळातला आहे. दुकानदार बँकेला फोन लावायचा, तिथला माणूस कार्डधारकाशी बोलून खात्री करायचा आणि मंजुरी क्रमांक सांगायचा. दुकानदार तो मशीनमध्ये टाकायचा. म्हणजे तो नकार नव्हता, ‘थांबा, बोलून ठरवू’ असं उत्तर होतं. आज एरंडोलच्या किराणा दुकानदाराने 01 वाचून कोणाला फोन करायचा? ग्राहकाने कार्डामागच्या नंबरावर लावला तर तिथे आधी एक दाबा, दोन दाबा. दुसऱ्या शनिवारी शाखा बंद. त्यामुळे 01 आता व्यवहारात साधा नकारच झाला आहे, फक्त त्याचा पोशाख सल्ल्याचा आहे.

माझा खरा राग 05 वर आहे. ‘DO NOT HONOUR’, म्हणजे व्यवहार मान्य करू नका, कारण विचारू नका. ज्याला दुसरा आकडा लागू होत नाही, त्याच्यासाठी तो ठेवलेला आहे. पण बँका त्याच्यात सगळंच कोंबतात : संशय आलेला व्यवहार, गोठवलेलं खातं, कधी तर ज्याला 57 किंवा 61 सरळ लागू होतं तेही. खातं गोठलं असेल तर शाखेत जायला हवं आणि मर्यादा संपली असेल तर उद्या यायला हवं, हे 05 वाचून कळत नाही. मग दुकानदार चिप शर्टाला पुसून चार वेळा कार्ड घालतो आणि बँकेच्या यंत्रणेला संशय घ्यायला आणखी कारण मिळतं.

बँकांची बाजूही मी जाणून आहे. चोराला कारण कळू नये, हा मुद्दा खरा आहे. चोरलेले कार्ड नंबर ऑनलाइन तपासून बघणाऱ्याला ‘नंबर चुकीचा’ आणि ‘शिल्लक कमी’ यांतला फरक सांगितला, तर कोणता नंबर जिवंत आहे तेच आपण सांगितलं. 41 म्हणजे हरवलेलं कार्ड, 43 म्हणजे चोरीचं. हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर स्लिपवर छापावं असं मी मुळीच म्हणणार नाही, काउंटरवर मारामारी व्हायची. पण माणूस समोर उभा आहे, चिप आत आहे आणि पिनही बरोबर निघालाय, तेव्हा ‘आजची मर्यादा संपली’ हे सांगण्यात कुठला धोका आहे? आणि 91 मध्ये तर लपवण्यासारखं काहीच नाही. त्याचा अर्थ बँकेची किंवा मधली यंत्रणा बंद आहे, म्हणजे दोष ग्राहकाचा नाहीच. तरीही स्लिपवर शब्द तोच, आणि मान खाली घालतो तो ग्राहक.

एटीएमच्या बाबतीत आपण हा फरक केलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आपणच स्पष्ट केलंत, की तांत्रिक कारणाने किंवा नोटा नसल्याने फसलेला व्यवहार ग्राहकाच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही. म्हणजे चूक कोणाच्या बाजूची, हे बँकेला त्या आकड्यांवरून वेगळं काढता येतं. तेच दुकानातल्या मशीनवर ग्राहकालाही दिसू द्या.

तेव्हा विनंती अशी. नकाराच्या प्रत्येक व्यवहाराची स्लिप निघावी आणि तिच्यावर मूळ आकडा व संदर्भ क्रमांक असावा. त्याखाली मराठीत एकच वाक्य असावं आणि त्यात पुढे काय करायचं ते असावं. 55 ला ‘पिन चुकला, नीट आठवून टाका’. 61 ला ‘आजची मर्यादा संपली, ॲपमधून वाढवा किंवा उद्या या’. 91 ला ‘बँकेची यंत्रणा बंद आहे, थोड्या वेळाने करा’. 41, 43 आणि संशयाच्या आकड्यांना मोघम ‘आपल्या बँकेशी बोला’ चालेल. उत्तरच आलं नाही तर मशीनने स्वतःहून छापावं : ‘उत्तर आलेलं नाही. पुन्हा कार्ड लावण्याआधी खात्यातून पैसे गेले का ते बघा.’ आणि दुसरा आकडा लागू असताना 05 पाठवणाऱ्या बँकांना त्याचा हिशेब विचारावा.

मशीनमधला हा तक्ता दुरून, एका अपडेटने बदलता येतो. जिथे जागेवर जाऊनच करावा लागेल अशी जुनी मशीन आमच्या तालुक्यांत असतील, तिथे मी आणि माझ्यासारखे लोक फिरतच असतो. आदेश आला तर खरिपाची खरेदी सुरू होण्याआधी तो लागू होईल असा काढावा, कारण मोठ्या रकमांची कार्डं आमच्याकडे तेव्हाच निघतात.

आपला विश्वासू,
एक स्वाइप मशीन दुरुस्ती करणारा,
अमळनेर, जि. जळगाव