बाळाच्या नावाबद्दल, कोल्हापूरच्या घरी

मँचेस्टर, शुक्रवार

ती. आई आणि आबांना साष्टांग नमस्कार,

बाळ-बाळंतीण ठीक आहेत, दोघी आता झोपल्यात. नावाचा घोळ फोनवर सुटेना, कारण तिकडून चारजण एकदम बोलतात. म्हणून सगळं कागदावर मांडून पाठवतोय. पेठेतल्या आत्यालाही हे वाचून दाखवा, तिच्यासाठीच जास्त आहे.

आत्याने पंचांग बघून "चित्रा नक्षत्र, दुसरं चरण, कन्या रास, अक्षर पो" असं कळवलं आणि पौर्णिमा नाव सुचवलं. नक्षत्र बरोबर आहे, चरण चुकलंय. तिने बाळाच्या जन्माची वेळ संध्याकाळी ६:४० अशीच्या अशी आपल्या पंचांगात बघितली. पण ते इथलं घड्याळ आहे. चंद्र त्या क्षणाला जिथे होता तिथेच होता, कोल्हापुरातून बघा की मँचेस्टरमधून. म्हणून आधी इथली वेळ भारतीय वेळेत न्यायची. सध्या इथे उन्हाळ्याचं घड्याळ चालू आहे, म्हणजे फरक साडेचार तासांचा. हिवाळ्यात तो साडेपाच तासांचा होतो. तेव्हा बाळ जन्मलं ते आपल्याकडच्या मंगळवारी रात्री ११:१० ला.

आता आत्याच्याच पंचांगातले आकडे घेऊ. चित्रा मंगळवारी सकाळी ८:०० ला लागलं आणि बुधवारी सकाळी ९:३६ ला संपलं, म्हणजे एकूण २५ तास ३६ मिनिटं. चारने भागलं की एक चरण ६ तास २४ मिनिटांचं. पहिलं चरण दुपारी २:२४ पर्यंत, दुसरं रात्री ८:४८ पर्यंत, तिसरं पहाटे ३:१२ पर्यंत. काही पंचांगांत ही पहाटेची वेळ २७:१२ अशी छापतात, तिथेही गोंधळ होतो. रात्री ११:१० म्हणजे तिसरं चरण, त्यात सव्वादोन तासांहून जास्त आत. त्यामुळे घड्याळ पाच-दहा मिनिटं मागेपुढे असलं तरी काही बिघडत नाही. जन्म चरणाच्या कडेवर असता तर मात्र मिनिटांना महत्त्व आलं असतं.

चित्राची अक्षरं पे, पो, रा, री. तिसऱ्या चरणाचं अक्षर रा. आणि चित्राची पहिली दोन चरणं कन्या राशीत, पुढची दोन तुळेत पडतात. म्हणजे साडेचार तासांच्या चुकीने नुसतं अक्षरच नव्हे, बाळाची रासच बदलली होती. पुढे पत्रिका जुळवताना हे फार महागात पडलं असतं. रास काढायला गाव लागत नाही, नुसता क्षण पुरतो. कुंडलीतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढायला मात्र जन्मगाव मँचेस्टरच घालायचं. मोबाइलवर कुंडली काढताना तिथे कोल्हापूर राहिलं की सगळं लग्न हुकतं.

अजून एक. आत्याकडे दाते पंचांग आहे ना, तेच धरा. शेजारच्या काकूंचं टिळक पंचांग मध्ये आणू नका. दोघांचा अयनांश, म्हणजे राशी मोजायला कुठून सुरुवात करायची ते, वेगळा आहे, फरक चार अंशांच्या आसपास, आणि एक चरण असतं ३ अंश २० कलांचं. तिथे अक्षर बदलणारच, आणि मग कोण खरं यावर घरात दुपार जाईल.

जन्मवेळेचा पुरावा हवा असं आत्या म्हणाली. इथल्या जन्मदाखल्यावर एकट्या बाळाची वेळ छापतच नाहीत, जुळ्यांचीच छापतात. म्हणून वेळ सुईणीच्या नोंदीतून घेतली आहे. त्या पानाचा फोटो सोबत आहे. तो पत्रिकेच्या फाइलीत जपून ठेवा, वीस वर्षांनी हाच लागेल.

आता आबा, तुमची तारा. ताराराणी चौकातून रोज जाणाऱ्या माणसाने हे नाव सुचवावं यात नवल नाही. आत्याचा त्यावर आक्षेप होता की बाळाची रास कन्या आणि नाव तुळेचं. तो तिच्या हिशोबाने बरोबरच होता, कारण 'ता' हे स्वातीच्या चौथ्या चरणाचं अक्षर आणि स्वाती अख्खं तुळेत. पण आता बाळाचीच रास तूळ निघाली. म्हणजे तारा नावाने नावरास आणि जन्मरास एकच होते. चरणाचं अक्षर तेवढं जुळत नाही, आणि त्याला दुसरी सोय आहे.

आम्हा दोघांच्या मनात इरा होतं. ते आम्हीच काढून टाकलं. इथे ते 'आयरा' वाचतात, हे चाललं असतं. पण फॉर्मवर, पासपोर्टवर नाव मोठ्या अक्षरात येतं, आणि आय, आर, ए ही तीन अक्षरं एकत्र दिसली की इथल्या माणसाला आयरिश बंडखोर संघटना आठवते. १९९६ साली तिने याच शहरात मोठा बॉम्बस्फोट केला होता. पोरीला आयुष्यभर हे समजावत बसायला नको. तारा फार तर 'टारा' होईल, एवढंच.

दुसरी सोय म्हणजे आपल्या नामकरणातच चार नावं असतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. आई, तुम्हाला अंबाबाईचं नाव हवंय, ते पहिल्या जागी अंबिका म्हणून बसतं. महिन्याचं गुरुजी सांगतील. नक्षत्राचं नाव 'रा'वरून हवं. ते आत्याने ठरवावं, राधिका, राजसी, काहीही. पौर्णिमा मात्र आता नको. आणि व्यवहाराचं तारा. ताटात दोन वाट्या तांदूळ पसरून अंगठीने चारही नावं लिहू. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहील, सरकारी कागदावर येणार नाही. कागदावर दोन नावं चढली की प्रत्येक ठिकाणी दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

घाई नाही, पण ढिलाईही नको. इथे जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते. नोंद झाल्यावर वर्षभरात नाव बदलता येतं, पण जुनं नाव पुसलं जात नाही, त्याच नोंदीत नवं पुढे लिहितात. आपल्या वकिलातीत जन्म नोंदवायला एक वर्ष आहे, आणि तिथलं स्पेलिंग इथल्या दाखल्याबरहुकूम अक्षर न अक्षर लागतं. म्हणून तारा नक्की झालं की मगच मी नोंदणीची वेळ घेईन. मधलं नाव माझंच राहील, आपल्या पद्धतीने.

बारसं बाराव्या दिवशी, जन्माचा दिवस पहिला धरून, म्हणजे पुढच्या शनिवारी. इथले सकाळचे अकरा म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन. कानात नाव आत्यानेच सांगायचं, म्हणजे बाळाच्या आत्याने, आपल्या ताईने. पाळण्याजवळ फोन धरू, पण तिला आधी सांगून ठेवा की आधी कुर्र करायचं आणि मग फक्त 'तारा' म्हणायचं. बाकीची तीन नावं गुरुजींच्या तोंडून होतील. घुगऱ्या तिकडेच वाटा, इथे शेजाऱ्यांना हरभरे आवडतील की नाही कोण जाणे.

बुधवारपर्यंत आत्याचं 'रा'वरचं नाव कळवा. आणि ताईला म्हणावं, शनिवारी फोन चार्ज करून बस.

तुमचा,
धाकटा