बाळंतपणानंतरची केसगळती : मैत्रिणीस पत्र

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

बाळंतपणाला पाच महिने झाले असून न्हाताना मूठ-मूठ केस हाती येतात, असे तू कळवलेस. दोष पूर्वीच्या हॉर्मोनच्या गोळ्यांचा, पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराचा की बाळंतपणाचा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आम्ही त्वचारोगतज्ज्ञही तिथूनच सुरुवात करतो.

केस वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत गेला, तरी तो गळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. म्हणून गळती सुरू झाली त्याच्या तीन महिने आधी काय घडले, हे आम्ही प्रथम विचारतो. गोळ्या तू गरोदर राहण्याआधीच सोडल्या होत्यास. त्या सोडल्यामुळे गळती व्हायची असती, तर ती तेव्हाच झाली असती. बाळंतपण मात्र या हिशेबात नेमके बसते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे जे केस टिकून राहतात, ते प्रसूतीनंतर एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून गळू लागतात. बाळ वर्षाचे होईपर्यंत हे बहुधा आपोआप थांबते.

पीसीओएसची चाल वेगळी असते. त्यात केस भसाभस गळण्यापेक्षा माथ्यावरचा एकेक केस गळून नव्याने उगवताना दर वेळी आणखी बारीक होत जातो, भांग मधोमध रुंदावतो आणि कपाळावरची केसांची रेषा बहुधा शाबूत राहते. डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यावर जाड आणि लवेसारखे बारीक केस शेजारी-शेजारी दिसतात. बाळंतपणाच्या गळतीत केसांची जाडी सारखीच असते. चाळीस-पन्नास केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, तर टोकाशी पांढरा गोळा असलेले पाच-सहा किंवा अधिक केस हाती येतात.

तुझ्या बाबतीत मला दोन्ही एकत्र असण्याची शंका आहे. पीसीओएसमुळे आधीच विरळ होत आलेला भांग गरोदरपणातल्या दाट केसांत झाकला गेला असेल आणि आताच्या गळतीत उघडा पडला असेल. म्हणून गरोदर राहण्यापूर्वीचा, भांग स्पष्ट दिसणारा एखादा फोटो शोधून ठेव. तेव्हाही भांग रुंद असेल, तर केवळ वाट पाहून भागणार नाही.

हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठीचे टीएसएच आताच तपासून घे, कारण रक्तस्रावाने लोह कमी झालेले असू शकते आणि प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉइडचाही बिघाड होतो. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर ते डॉक्टरांना सांग आणि तपासणीच्या काही दिवस आधी बंद कर. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या तपासणीची घाई नको, ते पाळी पूर्ववत झाल्यावर पाहू. पुन्हा हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्यास, तर त्या चालू असताना ते खरे दिसत नाही, हेही ध्यानात ठेव.

बाळ अंगावर पीत आहे तोवर मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचे औषध स्वतःहून लावू नकोस. कपाळाच्या कडेला आखूड, टोकदार नवे केस दिसू लागले की मला कळव.

तुझी,
मीरा